पत्रिकेच्या किनारीतला मोर काढून तानपुरा बसवण्याविषयी

प्रेषक: माधवी
सोमवार, रात्री

सर्वांना सप्रेम नमस्कार.

परवाच्या कोजागरीला ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना विषय ठाऊक आहेच. सांगलीच्या छापखान्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत, म्हणजे तिकडच्या संध्याकाळपर्यंत, पत्रिकेचे अंतिम चित्र हवे आहे. किनार आपल्या दिवाळी अंकाचीच वापरली आहे. चार कोपऱ्यांत मोर, मधे कळ्यांची वेल, मरून कागदावर सोनेरी फॉइल. नवऱ्या मुलीचे मामा मिरजेत सतारमेकर गल्लीत वाद्ये करतात आणि त्यांची एकच इच्छा आहे, ती अशी की मोराच्या जागी तानपुरा असावा. बाकी किनारीला कोणीही हात लावू नये, असे दोन्ही घरांचे म्हणणे आहे.

मी मोर पुसून इंटरनेटवरचा एक तानपुरा तिथे उभा करून पाहिला. तानपुरा चांगला आहे, किनारही चांगली आहे, पण दोन्ही एकत्र पाहिले की कोपरे पडक्या दातांसारखे दिसतात. चूक कुठे होत आहे, हे कोणी सांगू शकेल का? चित्र सोबत जोडले आहे.

माधवी

प्रेषक: नितीन
सोमवार, रात्री

माधवी,

हे दहा मिनिटांचे काम आहे. मोराची उंची मोजून तानपुऱ्याची उंची तेवढीच करायची, दोघांचा मध्यबिंदू जुळवायचा आणि डाव्या कोपऱ्यातले चित्र आरशासारखे फिरवून उजवीकडे लावायचे. अंतर आपोआप पूर्वीइतकेच राहते. तानपुरा फारच किडकिडीत वाटत असेल तर सतार घे. तिच्या पडद्यांमुळे आणि खुंट्यांमुळे जागा भरल्यासारखी दिसते, आणि पाहुण्यांपैकी कितीजणांना फरक कळणार आहे?

नितीन

प्रेषक: शुभदाताई
मंगळवार, सकाळी

माधवीस अनेक आशीर्वाद.

मी जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नये. पत्रिकेवरचे गणपतीचे चित्र काढून तिथे वाद्य घालणे मला योग्य वाटत नाही. आमच्या धाकट्याच्या लग्नात साताऱ्याच्या छापखान्याने गणपतीची सोंड चुकून उजवीकडे वळवली होती, तर आमच्या सासूबाईंनी तीनशे पत्रिका परत पाठवल्या होत्या. वरच्या चित्राशी खेळू नये.

शुभदा

प्रेषक: माधवी
मंगळवार, सकाळी

शुभदाताई, गणपती जागच्या जागी आहे आणि त्याची सोंडही डावीकडेच आहे. बदलायचे आहेत ते फक्त कोपऱ्यांतले मोर. नितीन, मामांना सतार आणि तानपुरा यांतला फरक नक्की कळेल.

प्रेषक: श्रीकांतकाका
मंगळवार, दुपारी (सध्या मुक्काम सातारा)

चि. माधवी,

तुझे चित्र मोठे करून पाहिले. नितीनने सांगितलेली मध्यबिंदूची गोष्ट बरोबर आहे, परंतु उंची जुळवली की अंतर जुळते, हे बरोबर नाही. कार्ड सात इंच बाय पाच इंच आहे, म्हणजे छपाईसाठी 2100 बाय 1500 पिक्सेल धरू. त्यात मोर पिसाऱ्यासह साधारण 260 पिक्सेलच्या चौकोनात बसतो आणि त्याच्यापासून पहिली कळी 34 पिक्सेलवर, म्हणजे तीन मिलीमीटरच्या आत, आहे. तानपुऱ्याची लांबी त्याच्या रुंदीच्या साडेतीन पट धरली, तर 260 उंचीचा उभा तानपुरा जेमतेम 75 पिक्सेल रुंद होतो. तो मधोमध ठेवला की कळीपर्यंतचे अंतर 34 वरून 126 वर जाते. तुला पडका दात दिसतो तो हाच. आपल्याला चौकोनांमधले अंतर नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या सोन्यामधले अंतर राखायचे आहे.

म्हणून तानपुरा तिरका, पंचेचाळीस अंशांत ठेवावा. तसा ठेवला की त्याच 260 च्या चौकोनात सुमारे 285 पिक्सेल लांबीचा तानपुरा मावतो आणि त्याचा भोपळा 80 च्या आसपास होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी जागा रिकाम्या राहतील. त्या मोकळ्या सोडू नयेत. तिथे वेलीचीच पाने वळवून आणावीत आणि त्यांचा बाहेरचा टोकबिंदू पूर्वी पिसाऱ्याचे टोक जिथे होते तिथेच संपवावा. असे केल्याने शेजारच्या कळीला शेजारी बदलल्याचे कळणारही नाही.

नितीनने सुचवलेली आरशाची युक्ती डाव्या-उजव्यासाठी ठीक आहे, वर-खालीसाठी नाही. वरचे चित्र खाली उलटे केले की भोपळा आकाशाकडे जातो, आणि वाद्य करणाऱ्या माणसाच्या घरी ते कोणी सहन करणार नाही. वरच्या कोपऱ्यांत खुंट्या बाहेरच्या कोपऱ्याकडे आणि भोपळा आत खाली. खालच्या कोपऱ्यांत भोपळा कोपऱ्यात आणि खुंट्या आत वर. म्हणजे दोन वेगळी चित्रे करावी लागतील. सतारीला तर डाव्या-उजव्याचा आरसाही चालत नाही, कारण तरफांच्या खुंट्या दांडीच्या एकाच बाजूला असतात आणि फिरवलेली सतार डावखुरी होते. तानपुऱ्याच्या खुंट्या दोन समोर आणि दोन दोन्ही कडांना असल्यामुळे तो फिरवला तरी खटकत नाही. तू उतरवून घेतलेल्या चित्रात मात्र दांडीवर पडदे दिसत आहेत. ते आधी पूस. तानपुऱ्याला पडदे नसतात.

श्रीकांत

प्रेषक: रमेशराव
मंगळवार, रात्री

सर्व सभासदांस,

ही किनार दिवाळी अंकासाठी मी स्वतः काढली आहे, हे येथे कोणी लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो. लग्नासाठी वापरण्यास माझी हरकत नाही, परंतु विचारले असते तर बरे वाटले असते. तसेच, मोर हा त्या किनारीत बाहेरून आणून चिकटवलेला नाही. वेल मोराच्या चोचीतून निघते. मोर पुसला की वेलीला उगमच उरत नाही आणि ती हवेत सुरू झाल्यासारखी दिसते. श्रीकांतरावांनी पिसाऱ्याचा विचार केला, चोचीचा केला नाही.

रमेश

प्रेषक: श्रीकांतकाका
बुधवार, सकाळी

रमेशरावांचे म्हणणे अगदी खरे आहे, ते माझ्या नजरेतून सुटले. चोचीचे टोक जिथे होते तो बिंदू हलवू नये, कारण तिथूनच पुढच्या कळ्यांचे माप सुरू होते. वरच्या कोपऱ्यांत तानपुऱ्याच्या डोक्यामागून एक देठ काढून तो त्या बिंदूपर्यंत वळवत न्यावा. खालच्या कोपऱ्यांत तोच देठ भोपळ्यामागून निघेल. देठ वाद्याच्या मागून जातो असे दिसण्यासाठी तो वाद्याच्या कडेआधी केसभर थांबवावा. कडेला भिडवला की खुंटीला पालवी फुटल्यासारखी दिसते.

रमेशराव, आपल्याकडे मूळ कोरलड्रॉची फाइल असल्यास कृपया माधवीस द्यावी. तिच्याजवळचे चित्र व्हॉट्सअॅपवरून आलेले दिसते. त्याची लांब बाजू 1600 पिक्सेल आहे, म्हणजे सात इंचांत इंचाला 230 सुद्धा भरत नाहीत आणि सोनेरी रेघांच्या कडांना मळकट झालर आलेली आहे. त्यातून मोर पुसला तर ती झालर मागे राहते आणि फॉइलच्या ब्लॉकवर ठिपक्यांच्या रूपाने उतरते. मूळ फाइल नसेल तर पुसण्याच्या भानगडीत न पडता सगळी किनार वरून नव्याने रेखून घ्यावी.

प्रेषक: नितीन
बुधवार, दुपारी

मान्य. मी काल रात्री तिरका तानपुरा बसवून पाहिला आणि अंतर खरोखर जुळले. पण आता तो फिकट दिसतो. रंग तर मी मोराचाच उचलला आहे. सोनेरी थोडा गडद करू का?

प्रेषक: श्रीकांतकाका
बुधवार, दुपारी

रंग गडद करून काही होणार नाही, फॉइलला एकच सोने असते. फिकटपणा रेघेच्या जाडीत आहे. मोराची बाहेरची रेघ 6 पिक्सेल आणि आतली 3 पिक्सेल आहे. तू आणलेला तानपुरा 1200 पिक्सेल लांबीचा असून त्याची रेघ 8 ची होती. तो 285 वर आणलास तेव्हा रेघही आक्रसून 2 पिक्सेलच्या आत गेली. आकार आधी लहान करावा आणि मग त्यावरून 6 व 3 च्या रेघांनी वाद्य पुन्हा काढावे. तयार चित्र आवळू नये. आमच्या वेळी छापखान्यात पाव मिलीमीटरपेक्षा बारीक रेघ ब्लॉकवर घेत नसत, आणि 3 पिक्सेल म्हणजे बरोबर तेवढीच. त्याखालची रेघ मधे मधे तुटते. दोन रेघांमधली फटही तेवढी हवी, नाहीतर वर्ख भरून त्यांची एकच पट्टी होते.

पारखायची रीत सोपी आहे. पूर्ण चित्र काळे-पांढरे करून चांगले धूसर करावे. जुन्या चित्रात मोर जितका काळा डाग देतो तितकाच तानपुऱ्याने आणि त्याच्या पानांनी मिळून द्यायला हवा. कमी पडला तर भोपळ्यावर मोराच्या पिसाऱ्यातल्याच डोळ्यांची नक्षी भरावी, नवी नक्षी आणू नये.

प्रेषक: रमेशराव
बुधवार, रात्री

मूळ फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात दिवाळी अंकाचे इतरही काम असल्यामुळे ती पूर्ण देता येणार नाही. फक्त किनार वेगळी करून, मोर वगळून, पीडीएफ उद्या सकाळी पाठवतो. त्यातले कळ्यांमधले अंतर कोणी बदलू नये. पुढील वर्षीच्या अंकात मोरच राहील, हेही नोंदवून ठेवतो.

प्रेषक: माधवी
गुरुवार, दुपारी

रमेशराव, मनापासून आभार. आणि आधी विचारले नाही याबद्दल क्षमस्व. पीडीएफ मिळाली आणि देठ काकांनी सांगितल्याप्रमाणे काढले. धूसर करून पाहिले, चारही कोपरे आता सारखे दिसतात.

अडले आहे ते तारांपाशी. तानपुऱ्याची दांडी 20 पिक्सेलची झाली आहे आणि कडेच्या रेघा वजा जाता आत 14 उरतात. चार तारा आणि त्यांमधल्या तीन फटी यांनाच 21 लागतात. दोन तारा जेमतेम बसतात. मामांना दोन तारांचे चित्र पाठवले, तर त्यांचा फोन आला की दोन तारांचा तानपुरा आमच्या गल्लीत कोणी विकत घेणार नाही.

प्रेषक: शुभदाताई
गुरुवार, दुपारी

दांडी जाड करून घ्या. कोणाला कळते?

प्रेषक: श्रीकांतकाका
गुरुवार, संध्याकाळी

दांडी जाड केली की ती वीणेसारखी दिसू लागेल, आणि तेही मामांनाच आधी कळेल. माझ्या मते तारा काढूच नयेत. दांडी पूर्ण सोनेरी भरावी, भोपळ्यावर घोडी तेवढी दाखवावी. तारा न दिसणे आणि तारा कमी असणे यांत फरक आहे. डागाचे वजन थोडे वाढेल, तेवढे एक पान कमी करावे.

प्रेषक: नितीन
गुरुवार, रात्री

भरलेली दांडी मला झाडूच्या दांड्यासारखी वाटते. त्यापेक्षा दोन तारा बऱ्या.

प्रेषक: माधवी
गुरुवार, रात्री

दोन्ही प्रकार मूळ मापात छापून छापखान्यातूनच मामांना दाखवायला सांगितले आहे. सांगलीहून मिरज किती लांब आहे, उद्या दुपारपर्यंत उत्तर येईल. काका, एक विचारायचे राहिले: दांडी भरली तर खालच्या दोन कोपऱ्यांतले पान कमी करायचे की चारही?