मातीच्या धरणातून पाझर दुप्पट, आणि शिफारस काय तर 'नोंदी वाढवा'?

सत्तरीकर: आमच्या गावावरच्या मातीच्या धरणाचा पावसाळ्यानंतरचा तपासणी अहवाल वाचला. पायथ्याला पाझर मोजायची V आकाराची खाच आहे, त्या नॉचवर पाणी गेल्या वर्षी 5 सेंमी होतं, यंदा 6.5. माथा एके ठिकाणी 4 सेंमी खचलाय. तरी शिफारस 'देखरेख वाढवावी' एवढीच. माझं मत, धरण लगेच रिकामं करा. तिवरे 2019 साली फुटलं, तिथेही लोक आधीपासून गळती सांगत होते.

पोफळीवाला: दीड सेंमीसाठी एवढा गोंधळ? मातीचं धरण पाझरतंच. न पाझरणारं मी तरी पाहिलेलं नाही.

जुना ओव्हरसियर: पाझरतं हे खरं, पण दीड सेंमीवर जाऊ नका. 90 अंशांच्या नॉचवर 5 सेंमी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, 6.5 म्हणजे जवळजवळ दीड. फक्त दोन्ही नोंदी जलाशयाची पातळी सारखी असतानाच्या आणि कोरड्या दिवसांच्या हव्यात, नाहीतर तुलना फुकट. सत्तरीकर, तसं लिहिलंय का?

सत्तरीकर: पातळी सारखीच आहे. पावसाचं काही लिहिलेलं नाही.

कुळागरातली: आमच्या विहिरीचं पाणी यंदा मे महिन्यातही आटलं नाही. ते धरणाचंच का हो?

जुना ओव्हरसियर: ताई, विहीर किती लांब हे कळल्याशिवाय काय सांगू! पाण्याला माती येते का तेवढं बघा. आपल्याकडे पावसात सगळंच तांबडं दिसतं, म्हणून चार दिवस उघाड पडली की बाटली भरून रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर भराव आतून धुपतोय. स्वच्छ पाणी वाढणं त्यामानाने बरं.

सत्तरीकर, तो खचलेला भाग कुठे आहे?

सत्तरीकर: धरणातलं पाणी बाहेर सोडायच्या विमोचकाच्या नळाच्या बरोबर वर. शेजारचे खचणं मोजायचे खांब सेंटीमीटरभरच खाली गेलेत. ओल नळाच्या तोंडाजवळ, पण ती नोंद वेगळ्या पानावर.

जुना ओव्हरसियर: मग दुखणं त्या दोन पानांच्या मध्ये आहे. भराव दरवर्षी थोडा बसतो, आणि बसण्याचा वेग कमी होत जातो. एकाच जागी, तेही नळावर, खड्डा पडला तर नळाच्या कडेने पाणी वाट काढत असेल. तिथे भरावातल्या पाण्याचा दाब मोजणारे दोन पिझोमीटर घाला, नॉच आठवड्यातून दोनदा वाचा, खांब दर महिन्याला मोजा. आणि कोणत्या आकड्याला पाणी सोडायला लागायचं ते आधीच लिहून ठेवा. अहवालात हे शेवटचंच नाही, याला माझाही आक्षेप आहे.

सत्तरीकर: म्हणजे रिकामं करायचंच ना?

जुना ओव्हरसियर: एकदम नाही. पाणी झटकन उतरवलं तर आतल्या अंगाचा ओला भराव घसरतो. रोज थोडं थोडं.

पोफळीवाला: आणि पाणी सोडलं तर एप्रिलात माझ्या बागेला कोण शिंपणार?

सत्तरीकर: बाग पुन्हा लावता येते, भाई. खालच्या वाड्याचं काय?

पोफळीवाला: पोफळ फळाला यायला किती वर्षं लागतात ते विचार आधी. बाटली ठेवतो, गाळ दिसला तर बोलू.