मदत हवी आहे: ०.९% सलाईन म्हणजे मिलीला किती मिग्रॅ? उत्तर जुळत नाही

म्हसरूळची_मी: उद्या सकाळी इंटर्नल आहे, डी.फार्म. नॉर्मल सलाईनच्या टक्क्यावरून मिग्रॅ प्रति मिली काढायचंय. कसंही केलं तरी मागच्या उत्तराशी जुळत नाही. पायऱ्या सांगा प्लीज, थिअरी नको.

गोळे_कॉलनी: एवढंच? टक्क्याला दहाने गुणायचं. ०.९ चे ९, ३ टक्केवाल्याचे ३०. दुकानात आम्ही बोटांवर करतो.

निवृत्त_मास्तर: दहाने का गुणायचं ते कोण सांगणार? टक्का म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात ०.९ ग्रॅम मीठ. घनता घेतल्याशिवाय ग्रॅमवरून मिलीवर जाताच येत नाही. पाठांतर शिकवू नका पोरांना.

गोळे_कॉलनी: मास्तर, घनता घेऊन बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

रसायनी: मास्तर, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण सलाईनला लागू नाही. बाटलीवरच छापलेलं असतं: दर १०० मिलीत सोडियम क्लोराईड ०.९ ग्रॅम. म्हणजे वर वजन, खाली आकारमान. ०.९ ग्रॅमचे ९०० मिग्रॅ, भागिले १०० मिली, झाले ९. घनता येतेच कुठे?

साध्या सिरपला मात्र ती लागते. ते ६६.७ टक्के, पण वजनात वजन. त्याची एक मिली सुमारे १.३२ ग्रॅम भरते, म्हणजे साखर मिलीला ८८० मिग्रॅच्या आसपास. तिथे दहाची युक्ती लावली तर ६६७ येतील आणि साखर कमी धरली जाईल. गोळे कॉलनी, म्हणून आधी लेबल, मग बोटं.

आणि म्हसरूळ, मागचं उत्तर काय आहे ते तू सांगितलंच नाहीस.

म्हसरूळची_मी: ९ मला कधीच आलंय हो! मागे ३.५४ दिलंय. म्हणून तर विचारतेय.

गोळे_कॉलनी: मग पुस्तकात छपाई चुकली. सोडून दे.

सिडको_सेक्टर: माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, बीपीमुळे. मागे तापात ॲडमिट होते तेव्हा याच सलाईनच्या बाटल्या लावल्या. मग घरी पापड-लोणचं बंद करून काय उपयोग? एका बाटलीत मीठ असतं किती?

रसायनी: सिडको, ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे जवळपास दिवसाचा कोटा एका बाटलीत. पण तापात पाणी कमी झालं असेल तर हिशेब वेगळा असतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

म्हसरूळ, प्रश्न जसाच्या तसा टाइप कर. ३.५४ वरून मला शंका आलीय.

म्हसरूळची_मी: "सोडियम क्लोराईड ०.९% इंजेक्शनच्या ५०० मिली बाटलीतील सोडियमचे प्रमाण मिग्रॅ प्रति मिली व एकूण मिग्रॅ काढा." अणुभार दिलेत, सोडियम २३, क्लोरीन ३५.५.

रसायनी: अगं, मग सोडियम विचारलाय, मीठ नाही! तुझे ९ मिग्रॅ अख्ख्या सोडियम क्लोराईडचे आहेत. अणुभार उगाच नाही दिलेले. २३ अधिक ३५.५ म्हणजे ५८.५. त्यातला सोडियमचा वाटा २३ भागिले ५८.५.

९ × २३ ÷ ५८.५ = ३.५४

ताळा बाटलीवरच मिळतो. लेबलवर सोडियम लिटरला १५४ मिलिइक्विव्हॅलंट असतो. अर्ध्या लिटरला ७७, गुणिले २३ म्हणजे १७७१ मिग्रॅ. तुझं एकूण उत्तर याच्या आसपास यायला हवं. ४५०० आलं तर समज मीठच मोजलंस.

निवृत्त_मास्तर: म्हणजे प्रश्न अर्धाच विचारला होता. प्रश्न पूर्ण वाचा, हे मी वर्गात रोज सांगायचो.

गोदाकाठ: नाक धुवायला घरी सलाईन करायचं तर मीठ किती घालू?

रसायनी: गोदाकाठ, उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम, आयोडीन नसलेलं. चमच्याने नको, काट्यावर तोल. आणि ते फक्त नाकासाठी.

म्हसरूळची_मी: आलं ३.५४!! थँक्यू ताई/दादा. पण एकूण मला १७६९ येतंय, मागे १७७० आहे. मार्क कापतील का?

रसायनी: त्यांनी आधी ३.५४ केलं, मग ५०० ने गुणलं. तू शेवटपर्यंत पूर्ण आकडा ठेवलास. तुझंच जास्त बरोबर.

निवृत्त_मास्तर: मी असतो तर अर्धा मार्क कापला असता. मधल्या पायरीत दोन दशांश ठेवायचे म्हणजे ठेवायचे.

गोळे_कॉलनी: एका मिलिग्रॅमसाठी? एवढं तर बाटलीच्या नळीत राहतं, मास्तर.