वेगवेगळ्या मापाच्या डिस्क एका पूलमध्ये: जागा गेली कुठे?

धरमपेठ_फोटोवाला: लग्नाचे फोटो-व्हिडिओ ठेवायला चार बेचा, म्हणजे चार डिस्क बसतील असा, बॉक्स आहे, त्यात ४ टीबीच्या तीन डिस्क होत्या. हायब्रिड रेड, एक डिस्क गेली तरी चालतं. जागा संपत आली म्हणून एक ४ ची काढली, ८ ची लावली. दोन दिवस रिबिल्ड चाललं आणि शेवटी जागा आधी होती तेवढीच, ८ टीबी. एक जीबी वाढला नाही. वेगळ्या मापाच्या डिस्क चालतात ही निव्वळ थाप आहे. सगळ्या एकाच मापाच्या घ्या, नाहीतर पैसे पाण्यात.

खापरी_रॅक: भाऊ, हे वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. थाप नाही. तुम्ही बरोबर डिस्क चुकीच्या जागी लावली.

हायब्रिड रेड सगळ्या डिस्क एका मापात बसवत नाही, ती त्यांचे थर पाडते. सिनॉलॉजीचं एसएचआर घ्या, तेही आतून लिनक्सची mdadm आणि LVM ही साधनंच आहे. प्रत्येक थराची वेगळी रेड आणि वरून सगळे थर जोडून एक व्हॉल्यूम. तुमच्याकडे आता ८, ४, ४ आहे. खालचा ४ टीबीचा थर तिन्ही डिस्कमध्ये आहे. त्यातली एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे मेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायच्या हिशोबाला, गेली, उरले ८ टीबी. वरचा ४ टीबीचा थर फक्त मोठ्या डिस्कवर आहे. तो एकटा. त्याची दुसरी प्रत ठेवायला जोडीदारच नाही, म्हणून सिस्टीम त्याला हात लावत नाही. तो लिहायला दिला असता तर ती डिस्क मेल्यावर त्या ४ टीबीतलं सगळं गेलं असतं, आणि मग तुम्ही इथे दुसरीच तक्रार घेऊन आला असता.

आता मुख्य गोष्ट. बॉक्स चार बेचा आहे म्हणता, डिस्क तीन. मग चौथा बे रिकामा असताना ४ ची काढली काऊन? ती तशीच ठेवून ८ ची चौथ्या बेमध्ये जोडायची होती. ८, ४, ४, ४ झालं असतं. खालचा थर चार डिस्कचा, म्हणजे तीन गुणिले चार, १२ टीबी. सरळ ४ टीबी वाढ.

दुसरं, जोडताना पूल एक दिवसही उघडा पडत नाही. तुम्ही डिस्क काढली त्या क्षणापासून रिबिल्ड संपेपर्यंत, पूर्ण दोन दिवस, तुमच्याकडे कसलंही संरक्षण नव्हतं. त्या दोन दिवसांत उरलेल्या दोन जुन्या डिस्कपैकी एक गेली असती तर लोकांच्या लग्नाचे फोटो गेले असते. मला जागेपेक्षा याचा जास्त राग आला.

सदर_चौक: एवढं लांबण कशाला? सूत्र एकच: सगळ्यांची बेरीज, त्यातून सगळ्यात मोठी वजा. ८+४+४ म्हणजे १६, वजा ८, उरले ८. ८+४+४+४ म्हणजे २०, वजा ८, उरले १२. कुठलाही फ्लेक्सिबल पूल असो, हेच चालतं. मी लिनक्सवर बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमच्या रेड१ मध्ये याच चार मापांच्या डिस्क लावणार आहे, १२ टीबी मिळतील.

खापरी_रॅक: सूत्र बरोबर, पण एका पॅरिटीच्या हायब्रिड रेडला. अनरेड या सॉफ्टवेअरलाही लागू पडतं, कारण तिथे पॅरिटीची डिस्क सगळ्यात मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी लागते. बीटीआरएफएस रेड१ ला नाही. तिथे पॅरिटी नसते, प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर असतात. दोन प्रती म्हटल्यावर एकूण बेरजेच्या निम्म्याहून जास्त जागा मिळणं शक्यच नाही. २० चे निम्मे १०. तुम्हाला १० मिळतील, १२ नाही.

सदर_चौक: मी स्वतः कॅल्क्युलेटरवर टाकून पाहिलं होतं.

खापरी_रॅक: त्यात रेड५ निवडलेलं असेल. बीटीआरएफएसचं रेड५ लिहिता लिहिता वीज गेली तर पॅरिटी आणि डेटा जुळत नाही, हे जुनं दुखणं आहे. नागपुरात उन्हाळ्यात ते वापरू नका. रेड१ मध्ये दोन आकडे काढा: बेरजेचे निम्मे, आणि बेरीज वजा सगळ्यात मोठी. जो लहान तो तुमचा. १२, ४, ४ घेतल्या तर निम्मे १०, पण दुसरा आकडा ८, म्हणून ८ मिळतात.

सदर_चौक: बरं, १० तर १०. पण मग फोटोवाल्यांनी रेड१ घेतलं असतं तर तीन ४ च्या डिस्कवर ६ होते आणि एक बदलल्यावर लगेच ८ झाले असते. त्यांना वाढ दिसली असती, हे तरी मानाल का?

खापरी_रॅक: मानतो. वाढ दिसली असती. पण सुरुवातच ६ पासून होती. त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून ८ आहेत.

मानेवाडा_ताई: माझंही हेच झालंय, तुमच्या चर्चेवरून कळलं. बीटीआरएफएस रेड१, ४ च्या दोन डिस्क, पूर्ण भरल्या. मी घरची २ टीबीची डिस्क जोडली. df मध्ये जागा दिसते, पण फाइल टाकली की जागा नाही म्हणतं. क्लासच्या मुलांच्या स्कॅन केलेल्या उत्तरपत्रिका आहेत त्यात. डिस्क परत केली तर पैसे मिळतील का?

खापरी_रॅक: ताई, डिस्क चांगली आहे, परत करू नका. नव्या फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर हव्यात. जागा फक्त नव्या डिस्कवर आहे, जुन्या दोन्ही काठोकाठ भरल्यात. दुसरी प्रत ठेवायला जागाच नाही. जुन्या डेटाची एकेक प्रत नव्या डिस्कवर सरकवली की जुन्यांवर जागा मोकळी होईल. आधी हे पाहा:

```
btrfs filesystem usage /data
btrfs balance start -dusage=20 /data
```

पहिल्या कमांडच्या शेवटी Unallocated खाली प्रत्येक डिस्कची कोरी जागा दिसते. जुन्या दोन्हींपुढे जवळपास शून्य असेल. तसं असताना थेट मोठा बॅलन्स लावला तर तोही जागा नाही म्हणून थांबतो, कारण त्यालाही एक कोरा तुकडा इकडे आणि एक तिकडे लागतो. म्हणून दुसरी कमांड २० टक्क्यांपेक्षा कमी भरलेले तुकडे एकत्र करते. जुन्यांपैकी एकीवर काही जीबी मोकळे झाले की मग हे:

```
btrfs balance start -dlimit=1000 /data
```

तुकडा साधारण एक जीबीचा असतो, म्हणजे एक टीबीच्या आसपास डेटा सरकेल. एवढं पुरे, सगळा डेटा फिरवायची गरज नाही. शेवटी तुमची क्षमता ५ टीबी होईल. बेरीज १०, निम्मे ५.

मानेवाडा_ताई: पहिल्या कमांडमध्ये दोन्हींपुढे 1.00MiB आलं. आता दुसरी चालवते.

इतवारी_दुकान: हे आकडे सगळे ठीक, पण मे महिन्यात दोन दिवस रिबिल्ड म्हणजे काय हे कोणी बोलूनच नाही राहिलं. पारा ४५ च्या वर. माझ्या गल्ल्यामागच्या बॉक्समध्ये रिबिल्ड चालू असताना डिस्क ५८ अंशांवर गेली होती. बऱ्याच डिस्कची मर्यादा ६० ते ६५ च्या आसपास असते. दर बदलीमागे एक रिबिल्ड. म्हणून मी म्हणतो, एकदाच मोठ्या घ्या आणि उन्हाळ्यात बॉक्सला हात लावू नका.

धरमपेठ_फोटोवाला: माझा कूलरच्या खोलीत असतो, ३८ च्या वर जात नाही.

इतवारी_दुकान: कूलरच्या खोलीत? ती ओल सर्किटवर बसते ना बाप्पा! माझ्याकडे खसच्या टाट्यासमोर ठेवलेला स्विच दोन वर्षांत हिरवा पडला होता.

धरमपेठ_फोटोवाला: मी टाट्यासमोर नाही ठेवला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. सहा उन्हाळे झाले.

इतवारी_दुकान: सहा उन्हाळे झाले म्हणून सातवा होईल असं नसतं. दुरुस्तीला येतात त्या डिस्क मी रोज पाहतो, तुम्ही नाही.

सदर_चौक: दुकानात खराब झालेल्याच डिस्क येणार ना. चांगल्या चालतात त्या घेऊन कोण येतं तुमच्याकडे?

इतवारी_दुकान: मग तुम्हीच ठेवा कूलरपुढे आणि रिबिल्डच्या मध्यात लाइट गेली की मला फोन करू नका. इन्व्हर्टरवर कूलर बंद असतो आणि डिस्क चालू असतात, हे कोणी लक्षात घेतलंय का?

खापरी_रॅक: या शेवटच्या मुद्द्यात दम आहे, मान्य. खोली थंड ठेवणारी गोष्ट आणि बॉक्स एकाच वेळी बंद व्हायला हवेत. यूपीएसची यूएसबी वायर बॉक्सला जोडा आणि बॅटरी निम्मी झाली की बॉक्स स्वतः बंद होईल असं लावा. रिबिल्ड परत वीज आल्यावर पुढे चालू होतं. पण ओलीबद्दल मला पटत नाही. जोवर बॉक्सवर पाणी साचत नाही, तोवर मला उष्णतेची जास्त काळजी वाटते.

इतवारी_दुकान: पटू नका. मी पाहिलेलं सांगितलं.

धरमपेठ_फोटोवाला: मूळ विषयावर येतो. काढलेली ४ ची कपाटात आहे, फॉरमॅट केलेली नाही. ती चौथ्या बेमध्ये टाकली तर खरंच १२ होतील? बॉक्स म्हणतो की नवी डिस्क एकतर सगळ्यात मोठीएवढी किंवा त्याहून मोठी हवी, नाहीतर पूलमधल्या एखाद्या डिस्कएवढीच.

खापरी_रॅक: ४ च्या मापाच्या डिस्क पूलमध्ये आधीच आहेत, म्हणून चालेल. ६ ची असती तर नकार आला असता, कारण ६ वर नवा थर कापावा लागला असता. पण आधी तिची तब्येत पाहा, सहा वर्षांची आहे ना:

```
smartctl -A /dev/sdX
```

Current_Pending_Sector शून्य नसेल तर टाकू नका. Reallocated_Sector_Ct मध्ये एखादा आकडा जुना असेल तर मी घाबरत नाही, पण दर आठवड्याला वाढत असेल तर ती डिस्क जाणार.

धरमपेठ_फोटोवाला: दोन्ही शून्य आलं. टाकली. ३१ तासांनी विस्तार झाला. पण १२ नाही, १०.९ दाखवतंय. १.१ टीबी कुठे गेलं ते पण सांगा.

खापरी_रॅक: कुठेच नाही गेलं. डिस्कच्या खोक्यावर एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात, बॉक्स मोजतो दोनचा चाळिसावा घात. १२ ला १.०९९५ ने भागा, १०.९१ येतात. आधीचे ८ पण ७.२८ दाखवत असतील, जुना स्क्रीनशॉट पाहा.

धरमपेठ_फोटोवाला: हो, ७.२८ होते. बरं, थाप नव्हती. पण बदलण्याआधी 'जागा वाढणार नाही' एवढी एक ओळ बॉक्सने दाखवायला हवी होती, यावर मी ठाम आहे.

खापरी_रॅक: त्यावर माझंही दुमत नाही.

धरमपेठ_फोटोवाला: दिवाळीच्या लग्नांआधी एक ४ ची काढून १२ ची घेऊ म्हणतोय. ८ ची घेण्यापेक्षा बरी ना?

खापरी_रॅक: ८, ८, ४, ४ म्हणजे २४ वजा ८, १६. १२, ८, ४, ४ म्हणजे २८ वजा १२, तेही १६. आज दोन्हीत एक बाइटचाही फरक नाही. वरचे ४ टीबी पुन्हा एकटे पडतील.

सदर_चौक: पण पुढच्या वर्षी दुसरी १२ ची घेतली की तेच ४ टीबी कामाला येतात. मी असतो तर १२ ची घेतली असती.

खापरी_रॅक: पुढच्या वर्षी १२ ची कदाचित आजच्यापेक्षा स्वस्त मिळेल. आज ८ ची घ्यावी.

सदर_चौक: आणि मग पुढच्या वर्षी दोन रिबिल्ड.

इतवारी_दुकान: मे महिन्यात.