मदत हवी आहे: मॅडमच्या ‘गोड गोड बोला’ला काय उत्तर देऊ?

आज सकाळी साडेसातला मॅनेजर मॅडमचा संक्रांतीचा मेसेज आला: “तिळगूळ घ्या, गोड गोड बोला. तुम्हाला व घरच्यांना शुभेच्छा.” टीमच्या ग्रुपवर नाही, माझ्या नंबरवर. एरवी मी हात जोडल्याची इमोजी टाकून मोकळी झाले असते. पण परवाच मीटिंगमध्ये डेडलाइनवरून आमची चांगलीच जुंपली होती. आता ‘गोड बोला’ हा टोमणा आहे की समेट, की सगळ्यांना पाठवलेला तोच मेसेज? नाव नाही, म्हणून फॉरवर्ड वाटतो. पण ‘घरच्यांना’ आहे, म्हणून नाहीही वाटत.

तेच वाक्य उलट पाठवावं, तर मीच त्यांना गोड बोलायला सांगतेय असं होईल. आमच्याकडे तिळगूळ मोठे देतात आणि लहान वाकून नमस्कार करतात. त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या आहेत. नुसतं ‘सेम टू यू’ फारच कोरडं. नवऱ्याचं म्हणणं, “सॉरी लिहून टाक.” सणाच्या मेसेजमध्ये ते मला पटत नाही.

तीनदा खोडून हे लिहिलंय: “धन्यवाद मॅडम! तुम्हाला आणि घरी सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. उद्या डब्यात तिळाच्या वड्या आणते, नक्की घ्या.”

वड्यांचं वाक्य ठेवू का? की परवाच्या भांडणानंतर ते लोणी लावल्यासारखं वाटेल? दुपार होत आली, निळ्या टिका त्यांना कधीच्या दिसल्या असतील. लवकर सांगा!