मदत हवी आहे: टेम्पर्ड ग्लास लावल्यावर अंगठा ओळखत नाही

फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर स्क्रीनखाली आहे, अल्ट्रासॉनिक प्रकारचा. नवी पेठेतून बसवलेल्या ग्लासला गोंद फक्त कडेला आहे. मधे हवेचा पातळ थर राहतो आणि आवाजाच्या लहरी तिथूनच परत फिरतात. ग्लास काढली की अंगठा लगेच लागतो, म्हणजे सेन्सर ठीक आहे. ग्लाससकट जुना ठसा पुसून नवा नोंदवला, टच सेन्सिटिव्हिटीही वाढवली. ती स्पर्शापुरतीच असते, त्यामुळे ठशाला उपयोग शून्य.

आता दोनच पर्याय दिसतात: पूर्ण चिकटणारी टीपीयू फिल्म किंवा यूव्ही ग्लास. यूव्हीचा पातळ गोंद इअरपीसच्या जाळीत उतरतो, हीच खरी भीती. सोलापुरात जाळी आधी टेपने बंद करून यूव्ही ग्लास बसवणारं कुणी आहे का? आणि उन्हाळ्यात फिल्मच्या कडा उचलतात का?