मदत हवी आहे: म्हशीच्या दोन वेतांत दोन वर्षांहून जास्त अंतर पडतंय

रानवाट: तिसऱ्या वेताची म्हैस गेल्या जानेवारीत व्याली. ऑक्टोबरमध्ये माज दिसला, तेव्हा रेतन करून घेतलं. पुन्हा माज दिसला नाही म्हणून गाभण धरली. आता मार्चमध्ये डॉक्टरांनी तपासली तर रिकामी निघाली. खाणं-पिणं नीट आहे, दूधही देते. ही वेळ कुठे गेली आणि आता काय करावं?

शेणामाती: खनिज मिश्रण कमी पडतंय. रोज 50 ग्रॅम सुरू करा, माजावर येईलच.

गोठेकर: माझी तर दर 21 दिवसांनी माजावर येते, तीनदा भरवली तरी उलटते. हेच का?

जुना पशुवैद्यक: गोठेकर, तुमचं वेगळं आहे. तुमच्या म्हशीचा माज दिसतो, पण ती गाभ धरत नाही. तिची पिशवी तपासून घ्या, सोट गढूळ असेल तर आधी उपचार.

रानवाट, म्हैस सुमारे 310 दिवस गाभण राहते. आज गाभण राहिली तरी पुढच्या जानेवारीत विणार, म्हणजे दोन वर्षं इथेच झाली. व्याल्यानंतर दोन-तीन महिन्यांत भरली असती तर अंतर 12-13 महिन्यांचं राहिलं असतं. तुमचे पाच महिने ऑक्टोबरच्या रेतनानंतर गेले. माज दिसला नाही म्हणजे गाभण, हे म्हशीत धरता येत नाही. तिचा माज बऱ्याचदा मुका असतो. ती गाईसारखी दुसरीवर चढत नाही, सोटही बसल्यावरच जमिनीवर दिसतो. रात्री उशिरा आणि पहाटे बघा: थोडी थोडी लघवी, दूध अचानक कमी होणं, पान्हा न सोडणं. रेतनानंतर दोन महिन्यांनी तपासणी झालीच पाहिजे.

रानवाट: मग आता इंजेक्शन देऊन माजावर आणता येईल?

जुना पशुवैद्यक: तपासणीत बीजांडावर पीतपिंड आहे का ते विचारा. असेल तर ती मुक्या माजावर येत असणार. प्रोस्टाग्लँडिनने साधारण दोन ते पाच दिवसांत माज येतो. मात्र गाभण म्हशीला ते दिलं तर गाभडते, म्हणून तपासल्याशिवाय नाही. बीजांडं गुळगुळीत, सुस्त असतील तर त्याचा उपयोग नाही. तिथे शेणामातींचं खनिज मिश्रण आणि भरपूर खुराक कामाचा, पण महिना-दोन महिने धीर धरावा लागेल.

शेणामाती: आणि उन्हाळा? आमच्याकडे मे महिन्यात एकही माज दाखवत नाही.

जुना पशुवैद्यक: उष्णतेने माज आणखी दबतो. दुपारी डुंबायला सोडा, नाहीतर अंगावर दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. त्याने किती फरक पडेल ते म्हशीगणिक बदलतं.

दूधवाट: मी नसबंदी केलेला रेडा सकाळ-संध्याकाळ फिरवतो. म्हैस त्याच्यासमोर स्थिर उभी राहिली की माज पक्का. संध्याकाळी कळलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन.

रानवाट: एका म्हशीसाठी रेडा पाळणं परवडणार नाही. आधी पीतपिंडाचं विचारून इथे लिहितो. कुणी एकाच म्हशीवर रेड्याशिवाय माज ओळखत असेल तर नोंद कशी ठेवता तेही सांगा.