मदत हवी आहे: शीटमध्ये टेकडाऊनचं यश १५०% येतंय

लाल_लांग: शाळेच्या संघाचा हंगामभराचा हिशोब शीटवर ठेवतोय. एका मुलाच्या एका कुस्तीत यश १५०% दिसतंय. सूत्र बरोबर आहे, दहा वेळा बघितलं. उद्या ५१ का ५५ किलो, कुठल्या गटात नाव द्यायचं ते ठरवायचंय. लवकर सांगा.

पहाटपाळी: सूत्र टाका की! कशाला कशाने भागताय?

लाल_लांग: टेकडाऊन भागिले प्रयत्न, दुसरं काय असणार? फ्रीस्टाईल आहे.

भाच्याचा_मामा: ५१ साठी वजन उतरवू नका हो. आमच्या भाच्याने जेवण तोडलं आणि दुसऱ्या फेरीत पायच चालेनात.

लाल_लांग: वजन उतरवायचं नाहीये. मुलगा ५१ मध्ये आरामात बसतो.

पहाटपाळी: त्या कुस्तीत समोरच्याने पट काढायला घेतला, आपल्या पोराने तो अडवला आणि मागे जाऊन ताबा घेतला, असं झालं का? ते २ गुण तुम्ही टेकडाऊनमध्ये धरलेत, पण प्रयत्न समोरच्याचा होता.

लाल_लांग: हो, दोनदा. स्वतःचे पट दोन, लागला एक. म्हणजे ३ भागिले २.

पहाटपाळी: मग प्रतिडावाचा रकाना वेगळा करा. C मध्ये ज्या गटात लढला ते वजन, D मध्ये स्वतःचे प्रयत्न, E मध्ये त्यातले यशस्वी, F मध्ये प्रतिडावाचे. नुसती हूल प्रयत्न धरू नका, पायाला हात लागला तरच मोजा. प्रत्येक कुस्तीची टक्केवारी काढून सरासरीही घेऊ नका, आधी बेरजा आणि मग भागाकार.

```
=SUMIFS(E:E,C:C,55)/SUMIFS(D:D,C:C,55)
```

वहीच_बरी: एवढा खटाटोप कशाला? गुण ते गुण. पंच विचारतो का डाव कोणाचा होता? १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली.

लाल_लांग: व्हिडिओ बघून भरलं. ५१ मध्ये ९ प्रयत्नांत ६. ५५ मध्ये १० प्रयत्नांत ३, वर प्रतिडावाचे ५. जुन्या हिशोबाने ५५ मध्ये ८०% आणि ५१ मध्ये ६७% दिसत होतं!

पहाटपाळी: म्हणजे ५५ मध्ये खरं यश ३०%. तिथली पोरं अंगावर येतात म्हणून गुण मिळतायत. कोणी नुसता हात धरून उभा राहिला तर? आपला पोरगा निष्क्रिय ठरला की ३० सेकंदांचं घड्याळ लागणार, त्यात कोणालाच गुण मिळाला नाही तर १ गुण समोरच्याला.

वहीच_बरी: दहा प्रयत्नांवर एवढा निकाल लावता? ५५ मध्ये समोर कोण होते तेही बघा. एकच तगडा मल्ल दोनदा भेटला असेल तर आकडा त्याचा आहे, गटाचा नाही.

लाल_लांग: एकाशी खरंच दोनदा झाली. त्याला वगळून उरतात ४ प्रयत्न, त्यात २.

पहाटपाळी: चारावर काही ठरत नाही. मी तरी ५१ देईन.

वहीच_बरी: मी ५५. पोराला विचारलंत का?